लेजंड ऑफ ग्रिमरॉक: नकाशा बंद करून खेळल्यावरचा अनुभव

राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं लॅपटॉप टाकला होता. गडी न विचारता डिस्क फॉरमॅट करून मोकळा झाला आणि वर त्याचे पैसेही मागितले. फोटो दुसरीकडं होते म्हणून वाचले, पण ग्रिमरॉकचा सेव्ह गेला. आता सगळं पहिल्यापासून खेळायचंच, तर म्हटलं या खेपेला जरा वेगळं करू. नवा खेळ सुरू करतानाच ‘ओल्ड स्कूल मोड’ निवडला. त्यात आपोआप बनणारा नकाशा बंद होतो. महाद्वार रोडवरून ग्राफची वही आणली, पेन्सिल घरात होतीच.

२०१२ चा खेळ आहे, चार कैदी डोंगराच्या आत खाली उतरत जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. ग्राफिक्स, राक्षस, मंत्र यांवर बक्कळ लिहून झालंय. मला फक्त नकाशाबद्दल बोलायचंय.

चौघं मिळून एकाच चौकोनात उभे असतात. W दाबला की अख्खा एक चौकोन पुढं, A आणि D नं बाजूला सरकायचं, Q आणि E नं बरोबर नव्वद अंशात वळायचं. अर्धं पाऊल नाही की तिरकं चालणं नाही. त्यामुळं पावलं मोजली की अंतर कळतं, आणि तेच वहीवर जसंच्या तसं उतरतं. मोकळं फिरता येणाऱ्या खेळात हे जमणारच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इथं भिंत म्हणजे दोन चौकोनांमधली रेघ नव्हे, भिंत स्वतःच एक आख्खा चौकोन खाते. १९८७ च्या डंजन मास्टरमध्येही असंच होतं. १९८१ च्या विझार्ड्रीत मात्र भिंत नुसती रेघ असते. फरक बारीक वाटतो, पण ग्रिमरॉकमध्ये त्यामुळं वहीवरची कोरी जागा बोलायला लागते.

माझ्या वहीतलंच एक पान सांगतो. एक बोळ फिरून मूळ जागी आला. बाहेरून सहा बाय पाच, म्हणजे चालायचे अठरा चौकोन. आत उरली चार बाय तीनची कोरी जागा. एका चौकोनाचा खांब समजू शकतो, पण बारा चौकोन उगाच दगडानं कोण भरेल? आतल्या बाजूच्या भिंतीचे तुकडे चौदा. दक्षिणेच्या बोळात उत्तरेकडं तोंड करून उभं राहायचं आणि D दाबत एकेक तुकडा निरखायचा. कोपरा आला की W नं एक पाऊल पुढं, Q नं डावीकडं वळायचं, पुन्हा D. असं करत पूर्वेच्या बाजूला विटेएवढं बटण दिसलं. दाबल्यावर भिंत खाली गेली. आयता नकाशा होता तेव्हा याच बोळातून मी सरळ निघून गेलो होतो, कारण तेव्हा नकाशाकडं बघत होतो ते फक्त वाट चुकलो की.

इथवर माझं मत पक्कं होतं, की आयता नकाशा म्हणजे आळशी माणसाची सोय. पुढं ते हललं.

खाली एका मजल्यावर माझा बोळ वहीवर आधीच काढलेल्या भिंतीतून आरपार जायला लागला. अशा वेळी दोनच शक्यता: पावलं मोजण्यात गडबड, नाहीतर न दिसणाऱ्या जागेनं आपल्याला गुपचूप दुसरीकडं नेऊन टाकलेलं. ओळखायची युक्ती जुनी आहे. एक दगड जमिनीवर टाकायचा, एक पाऊल पुढं जायचं आणि न वळता S नं मागं यायचं. दगड पायाशी नसेल तर आपण उडालो. विझार्ड्रीत याच्याही वरताण होतं: पाऊल टाकताच तोंड गुपचूप भलत्याच दिशेला फिरवणारे चौकोन. त्यावर ‘डुमापिक’ नावाचा मंत्र होता, तो जागा आणि दिशा सांगायचा. आयत्या नकाशावरचा बाण या सगळ्या कावेबाजपणाची हवाच काढून घेतो, हे खरं. पण रात्री अकराला, सकाळी कामावर जायचं असताना, अख्खं पान खोडताना तो बाण हवाहवासा वाटला हेही तेवढंच खरं. खोडून खोडून कागद फाटला, आणि ग्राफची वही काय फुकट मिळत नाही.

या दोन्हींच्या मधली वाट २००७ च्या एट्रियन ओडिसीनं काढली होती. निन्टेन्डो डीएसच्या खालच्या पडद्यावर चाललेली फरशी आपोआप रंगते, भिंती मात्र आपण काडीनं ओढायच्या. मोजायची कटकट खेळाकडं, बघायचं काम आपल्याकडं. ग्रिमरॉकमध्ये ही सोय असती तर मी एक तारा जास्त दिला असता.

पहिल्यांदा खेळणाऱ्यानं नकाशा चालूच ठेवावा, फक्त प्रत्येक मजला सोडताना तो उघडून मधल्या कोऱ्या जागा बघाव्यात. नकाशावर टिपण लिहिता येतं, तिथं संशय नोंदवून ठेवावा. मी दुसरा भाग सेलमध्ये उतरला की घेणार, पूर्ण किमतीत नाही. वहीची बरीच पानं अजून कोरी आहेत.