बारा महिन्यांची फी की एक कोटी? कॅपचा आकडा बघण्याआधी

समजा तुमची पुण्यात पगारपत्रकं करून देणारी छोटी कंपनी आहे. चाकणच्या एका कारखान्याचं काम मिळतंय. फी महिन्याला 4 लाख, वर्षाला 48 लाख. कारखान्याच्या वकिलांनी दोन मसुदे पाठवून सांगितलंय, यातला कोणताही चालेल.

मसुदा अ: तुमची जबाबदारी मागच्या बारा महिन्यांत मिळालेल्या फीपुरती मर्यादित, ही झाली कॅप. अप्रत्यक्ष नुकसान वगळलेलं. इंडेम्निटी, म्हणजे नुकसान भरून देण्याची हमी, मात्र 'कराराच्या कोणत्याही भंगामुळे होणाऱ्या सर्व नुकसानासाठी', आणि तिला कॅप लागू नाही.

मसुदा ब: एकूण जबाबदारी 48 लाखांपर्यंत. नफ्याचं नुकसान नाव घेऊन वगळलेलं. इंडेम्निटी फक्त तिसऱ्या माणसाच्या दाव्यांसाठी, म्हणजे कुणाचं सॉफ्टवेअर चोरल्याचा किंवा कामगारांची माहिती फुटल्याचा दावा. त्यासाठी वेगळी कॅप, 1 कोटीची. लबाडी आणि जाणूनबुजून केलेलं नुकसान यांना मर्यादा नाही.

पहिल्या नजरेला अ स्वस्त वाटतो. सुरुवातीच्या महिन्यांत 'मिळालेली फी' फारशी नसतेच. बिलं पंचेचाळीस दिवसांनी निघतात, त्यामुळे चौथ्या महिन्यात जेमतेम 8 लाख हातात आलेले असतील. म्हणजे कॅप 8 लाखांची! ब मध्ये 48 लाख, वर 1 कोटी. बरेच मालक इथेच अ वर सही करतात.

आता चौथ्या महिन्यात घोळ होतो. तुमच्या माणसाने ओव्हरटाइमचा दर चुकीचा भरला. कंत्राटी कामगारांना 25 लाख जास्त गेले, त्यातले बहुतेक काम सोडून गेले, पैसे परत येणार नाहीत. पीएफचा भरणा उशिरा झाला, व्याज आणि दंड मिळून 15 लाख. दुसऱ्या एजन्सीकडून सगळं नीट करून घ्यायला 6 लाख. गोंधळात दोन दिवस कामगार बाहेर बसले, एक ऑर्डर गेली, 14 लाखांचा नफा बुडाला. बेरीज 60 लाख.

मसुदा अ मध्ये कारखाना 8 लाखांच्या कॅपकडे ढुंकूनही बघणार नाही. तो इंडेम्निटीच्या क्लॉजखाली मागणी करेल. चूक म्हणजे कराराचा भंग, भंग म्हणजे इंडेम्निटी, आणि इंडेम्निटीला कॅप नाही. अख्खे 60 लाख. 'अप्रत्यक्ष नुकसान' वगळलं होतं ना? ते वगळणं कॅपच्या क्लॉजमध्ये आहे, आणि इंडेम्निटी त्या क्लॉजच्या बाहेर काढलेली आहे. मसुदा ब मध्ये 14 लाखांचा नफा सरळ वजा होतो, उरतात 46 लाख, कॅपच्या आत. अ मध्ये कॅपचा आकडा 8 लाखांचा होता. भरावे लागले असते 60.

'अप्रत्यक्ष नुकसान' या शब्दांवर कुणी फार विसंबू नये. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 मध्ये दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानाची भरपाई तशीही मिळत नाही. म्हणजे हे शब्द लिहून फारसं काही वाढत नाही. बुडालेला नफा प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष यावर भांडण होतं, म्हणून ज्याची भीती आहे ते नाव घेऊन लिहावं.

इंडेम्निटी आणि साधी भरपाई यांत आणखी एक फरक आहे, तो इथल्याच कोर्टाने ठळक केला. भरपाईसाठी नुकसान झाल्याचं दाखवावं लागतं. कलम 124 वाचलं तर इंडेम्निटीचंही तसंच वाटतं. पण 1942 साली गजानन मोरेश्वर परेळकर खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. छागलांनी सांगितलं की इंडेम्निटी घेतलेल्यावर देणं निश्चित लागू झालं असेल, तर आधी खिशातून पैसे भरून मग मागायला येण्याची सक्ती त्याच्यावर नाही. त्यामुळे कामगारांनी दावा लावून जिंकला की कारखाना तुमच्या दारात उभा राहू शकतो, स्वतः भरण्याआधीच. रोकड कमी असलेल्या छोट्या कंपनीला हे आकड्यापेक्षा जास्त जड जातं.

'पण क्लॉज इतका अन्यायकारक असेल तर कोर्ट बघेल की,' असं एक ग्राहक मला म्हणाले होते. भारतात ही आशा अंधुक आहे. दोन व्यावसायिक पक्षांच्या करारातला क्लॉज वाजवी आहे का, हे तपासणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने 2006 च्या 199 व्या अहवालात तसा कायदा सुचवला, झाला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने एका लॉन्ड्रीच्या पावतीवरची भरपाईची मर्यादा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली होती खरी. पण सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या भारती निटिंग खटल्यात कुरियरच्या पावतीवरची 100 डॉलरची मर्यादा कायम ठेवली, कारण पावतीवर सही होती. 1986 च्या ब्रोजो नाथ गांगुली निकालात विषम ताकदीच्या करारांना चाप लावला, पण बरोबरीच्या व्यापाऱ्यांचे करार त्यातून बाहेर ठेवले. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा अन्यायकारक करारांवर बोलतो, तो ग्राहकांसाठी.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे 1977 चा अनफेअर कॉन्ट्रॅक्ट टर्म्स अ‍ॅक्ट आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा इजा झाली तर जबाबदारी टाळताच येत नाही. इतर नुकसानाची मर्यादा वाजवी असावी लागते, आणि ते करार झाला त्या वेळच्या परिस्थितीवरून बघतात. रकमेची मर्यादा असेल तर विक्रेत्याची ऐपत आणि त्याला मिळू शकणारा विमा, दोन्ही मोजतात. सेंट ऑल्बन्स नगर परिषदेच्या खटल्यात आयसीएल कंपनीच्या सॉफ्टवेअरने लोकसंख्या चुकीची काढली, परिषदेचं सुमारे 13 लाख पौंडांचं नुकसान झालं, करारातली मर्यादा 1 लाख पौंड, आणि कंपनीचा विमा 5 कोटी पौंडांचा. मर्यादा अवाजवी ठरली. उलट 2001 च्या वॉटफर्ड इलेक्ट्रॉनिक्स खटल्यात दोन अनुभवी कंपन्यांनी घासाघीस करून ठरवलेली मर्यादा कोर्टाने टिकवली.

चाकणच्या ऐवजी लंडनचा ग्राहक असेल आणि त्याने 'इंग्लिश कायदा' लिहिला, तर ही तपासणी आपोआप लागू होईल असं समजू नका. त्या अ‍ॅक्टचं कलम 27 सांगतं की इंग्लिश कायदा केवळ पक्षांनी निवडला म्हणून लागू असेल, एरवी परदेशाचाच लागला असता, तर वाजवीपणाची ही कलमं चालत नाहीत. सेवा पुण्याहून जात असेल तर बहुधा तसंच असतं. याने तुमचं नुकसान नाही, उलट तुमची कॅप कोर्टाच्या चाळणीतून सुटते. पण मसुदा अ सारखी बेफाट इंडेम्निटी दिली असेल तर तो अ‍ॅक्ट सोडवायला येणार नाही. इंडेम्निटीवरचं त्यातलं कलम 4 व्यवसायांसाठी नव्हतंच, ते सामान्य ग्राहकांपुरतं होतं, आणि 2015 मध्ये तेही काढून टाकलं.

म्हणून माझं मत ब. दोन दुरुस्त्या मागा. एक, 48 लाख 'एकूण, संपूर्ण कराराच्या काळासाठी' असं स्पष्ट लिहा, नाहीतर प्रत्येक दाव्याला वेगळी कॅप असा अर्थ काढला जाईल. दोन, विमा तपासा. व्यावसायिक जबाबदारीची पॉलिसी साधारणपणे तुमच्या चुकीची कायद्याने येणारी जबाबदारी उचलते. करारात हौसेने अंगावर घेतलेली जास्तीची जबाबदारी बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. मसुदा अ मधली इंडेम्निटी नेमकी त्या वगळणुकीत जाते. ब मधल्या 1 कोटीला तेवढी पॉलिसी आहे का, एजंटला लेखी विचारा, आणि नसेल तर ती कॅप पॉलिसीच्या रकमेवर आणा.

कारखान्याच्या बाजूने बसलो असतो तरी मी ब च घेतला असता. 8 लाखांची फी मिळवलेल्या कंपनीकडून 60 लाखांची डिक्री मिळवून वसूल काय होणार? 48 लाखांची कॅप आणि त्यामागे पॉलिसी, यातून पैसे प्रत्यक्ष हातात पडण्याची शक्यता जास्त.