हयातीचा दाखला घरबसल्या: चेहरा की बोट?

आईचं वय ८२. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, आता तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. केंद्राच्या पेन्शनधारकांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, पण ८० वर्षांपुढच्यांसाठी १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. म्हणून आमच्याकडे हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारासच उरकतं. ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, ईपीएस-९५ योजनेतल्या पेन्शनरांना मात्र नोव्हेंबरचं बंधन नाही. त्यांनी दाखला कधीही द्यावा, त्या तारखेपासून तो वर्षभर चालतो.

हा दाखला ऑनलाइन काढून देणारी ‘जीवन प्रमाण’ची सोय २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ती मुख्यतः बोटाच्या ठशावर चालायची. चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. घरी बसून करायचं तर आज हे दोन्ही मार्ग खुले आहेत, पण ते सारख्या सोयीचे नाहीत.

बोटाच्या मार्गात पहिली अडचण यंत्राची. फोन उघडायला आपण बोट लावतो तो सेन्सर इथे चालत नाही, आणि नेमका हाच गैरसमज खूप जणांचा असतो. त्यासाठी आधारकडे नोंदलेलं वेगळं ठसे-यंत्र केबलने फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडावं लागतं. शिवाय जुनी ‘एल-झीरो’ यंत्रं बाद होऊन आता ‘एल-वन’ आली आहेत, त्यामुळे कुणाचं पडून असलेलं जुनं यंत्र मागून आणलं तर उपयोग होईलच असं नाही. वर्षातून एकदाच्या कामासाठी ते विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण बोटांचीच. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात, आणि थंडीत कातडी कोरडी पडली की ठसा आणखी फिका उमटतो. आईचा अंगठा तीनदा लावला, तिन्ही वेळा 300 हा एरर आला. म्हणजे आधारमधल्या नोंदीशी ठसा जुळला नाही. अशा वेळी हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर ठेवून दुसरं बोट लावून पाहावं. अंगठाच हवा असा नियम नाही. 330 आला तर मात्र बोटाचा दोष नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं, ते आधी उघडावं लागतं.

चेहऱ्याला फक्त अँड्रॉइड फोन आणि इंटरनेट पुरतं. प्ले स्टोअरवरून AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan अशी दोन ॲप घ्यायची. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून घेऊ नयेत. ॲप आधी ‘ऑपरेटर’ची ओळख मागतं. इथे बरेच जण गोंधळतात. ऑपरेटर म्हणजे फोन हाताळणारा माणूस. घरातलं कुणीही चालतं, पेन्शनर स्वतःही. आमच्याकडे मी माझा आधार क्रमांक घालून माझा चेहरा दाखवला. मग आईची माहिती भरली: आधार, पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा पीपीओ क्रमांक, बँक खातं, पेन्शन मंजूर करणारं आणि देणारं कार्यालय.

स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली दोनदा फसलं. तिसऱ्यांदा आईला गॅलरीत बसवलं. उजेड तिच्या तोंडावर, पाठीमागे पांढरी भिंत. चष्मा काढला, फोन मी धरला आणि मागच्या कॅमेऱ्याने तिचा चेहरा टिपला. माणूस जिवंत आहे हे ॲप पापणीच्या हालचालीवरून ओळखतं. “आई, आता डोळे मीट, उघड,” म्हटलं, तिने शांतपणे तसं केलं आणि काम झालं.

म्हणून आधी चेहरा. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, डोळ्यावर पट्टी असेल किंवा पापणी मिटणं साधत नसेल, तर बोटच सोयीचं. तेव्हाही यंत्र विकत घेऊ नका, पोस्टमनला सांगा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेत तो यंत्र घेऊन घरी येतो, शुल्क ७० रुपये. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मला हा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो.

मार्ग कुठलाही घ्या, प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस आला म्हणजे दाखला फक्त तयार झाला. तो मान्य करणं पेन्शन देणाऱ्या कार्यालयाच्या हातात असतं. पहिल्या वर्षी आईच्या अर्जात मी पेन्शनचा प्रकार ‘Family’ऐवजी ‘Service’ निवडला होता. ओळख बिनचूक पटली, तरी दाखला नामंजूर झाला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. पीपीओचा एक आकडा चुकला तरी हेच होतं. ज्यांना दोन पेन्शन आहेत, स्वतःची आणि जोडीदाराची, त्यांना प्रत्येक पीपीओसाठी वेगळा दाखला काढावा लागतो. त्यामुळे काही दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर जाऊन दाखल्याची स्थिती तपासा. नामंजूर दिसलं, तर महिना संपायच्या आत दुरुस्त करायला वेळ हाताशी राहतो.