मागच्या वर्षाचा कॅश फ्लो की पुढच्या जूनचा फोरकास्ट? कृषी केंद्रवाल्याने नेमकं काय बघावं

माझा मेव्हणा अमळनेर तालुक्यात कृषी केंद्र चालवतो, बियाणं, खत, औषधं, थोडेफार ड्रिपचे फिटिंग. मी जळगावला हिशोबाची कामं करतो म्हणून घरातला फुकटचा अकाउंटंट पण मीच. मार्चमधे त्याने विचारलं, भाऊ, सीए दरवर्षी कॅश फ्लो स्टेटमेंट काढून देतोच ना, मग तुम्ही परत फोरकास्ट करा म्हणता ते कशाला, दोन्हीत पैशाची आवक-जावकच तर आहे. प्रश्न बरोबर होता, कारण हेडिंग सारखी दिसतात. म्हणून त्याचेच आकडे घेऊन सांगतो, गोल केलेत फक्त.

आधी स्टेटमेंट. हे झालेल्या वर्षाचं असतं, १ एप्रिल ते ३१ मार्च. बहुतेक सीए ते नफ्यापासून सुरू करतात आणि उलटं मागे जात खऱ्या कॅशपर्यंत येतात. मेव्हण्याचा नफा ७,२०,००० होता. घसारा ४०,००० परत मिळवला कारण तो फक्त कागदावरचा खर्च, खिशातून काही गेलं नाही. मग गिऱ्हाइकांची उधारी ३,१०,००० ने वाढली ते वजा, माल १,००,००० ने वाढला ते पण वजा, आणि कंपन्यांचं देणं ६०,००० ने वाढलं ते जमा. धंद्यातून हाती आले ४,१०,०००. त्यातून जुना टेम्पो घेतला १,८०,००० चा, घरखर्चाला उचलले १,८०,०००, उरले ५०,०००. वर्षाच्या सुरुवातीला १,७०,००० होते, शेवटी २,२०,००० झाले, आणि ते पासबुक अन् गल्ल्याशी बरोबर जुळतात. स्टेटमेंटचं काम इथे संपलं. त्याने हे छान सांगितलं की सात लाख नफा दिसतोय पण तीन लाख गावातल्या वहीत अडकलेत.

पण ३१ मार्च ही तारीख आपल्याकडच्या कृषी धंद्यासाठी फार फसवी आहे राव. कापसाचे पैसे दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या हातात येतात, वसुली जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते, आणि खरिपाची खरेदी अजून सुरू व्हायची असते. म्हणजे वर्षभरात जेव्हा गल्ला बऱ्यापैकी भरलेला असतो तेव्हाच फोटो काढल्यासारखं होतं. जूनमधे त्याच दुकानाची काय हालत असते ते त्या कागदावर कुठेच दिसत नाही, कारण जूनमधला खड्डा डिसेंबरपर्यंत भरून निघतो आणि वर्षाच्या बेरजेत तो गायबच होतो.

फोरकास्टला नफा, घसारा काही लागत नाही. फक्त कोणत्या आठवड्यात खात्यात प्रत्यक्ष किती येणार आणि किती जाणार. एक्सेलमधे चार रकाने पुरतात, सुरुवातीची शिल्लक B, आवक C, जावक D आणि शेवटची शिल्लक E. E2 मधे `=B2+C2-D2` आणि पुढच्या ओळीत B3 मधे `=E2`, खाली ओढत जा, बस.

आता एप्रिलला त्याच्याकडे २,२०,००० होते, आवक २,४०,०००, जावक २,१०,०००, म्हणजे २,५०,००० राहणार. मे मधे आखाजी झाली की खत अन् बियाण्याचे ॲडव्हान्स सुरू, आवक १,८०,०००, जावक ३,४०,०००, शिल्लक ९०,०००. जून आठवड्याने मांडला:

| जून | आवक | जावक | शिल्लक |
|---|---|---|---|
| पहिला आठवडा | ६०,००० | १,९०,००० | -४०,००० |
| दुसरा | ९०,००० | २,६०,००० | -२,१०,००० |
| तिसरा | १,४०,००० | १,२०,००० | -१,९०,००० |
| चौथा | १,१०,००० | ७०,००० | -१,५०,००० |

महिन्याने केला असता तर जूनअखेर फक्त दीड लाख कमी दिसले असते. खरा खड्डा मृगाच्या आठवड्यात आहे, दोन लाख दहा हजारांचा, कारण कंपनीचा चेक तेव्हा लागतो आणि शेतकरी अजून आभाळाकडे बघत बसलेला असतो. मग मी अजून एक केलं, पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, म्हणून दुसऱ्या आठवड्याची आवक ९०,००० ची ३०,००० आणि तिसऱ्याची १,४०,००० ची ४०,००० केली, जावक तीच ठेवली कारण चेक पावसासाठी थांबत नाही. खड्डा ३,५०,००० वर गेला. आता बँकेत सीसी लिमिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलून परत भरायच्या कर्जाची मर्यादा, किती मागायचं याचं उत्तर इथून मिळतं, स्टेटमेंटमधून नाही.

आता चूक कुठे होते ते सांगतो, आमच्याकडे पण पहिल्या वेळेस हीच झाली. जूनची विक्री ८,००,००० धरली आणि ती सगळीच आवक म्हणून लिहून टाकली, सगळं हिरवंगार दिसत होतं. अरे पण त्यातली निम्मी तर उधारीची! गिऱ्हाईक म्हणतो, "कापूस इकाई जाऊ दे भो, मंग दिसू", आणि ते पैसे नोव्हेंबरच्या खाली लिहायचे असतात. विक्री आणि वसुली या दोन वेगळ्या तारखा आहेत, फोरकास्टमधे फक्त दुसरी चालते. उलटी चूक पण होते, उधारी विकताना पण लिहिली आणि वसुलीला पण, पैसे डबल. ओळखायचं सोपं आहे, नोव्हेंबरपर्यंतची आवक मागच्या वर्षीच्या पासबुकातल्या जमेपेक्षा फारच जास्त दिसली की समजायचं कुठेतरी विक्रीच घुसलीय. आणि जीएसटी विसरू नका. उधारीवर विकलेल्या मालाचा टॅक्स गिऱ्हाइकाने पैसे दिले नसले तरी २० तारखेच्या रिटर्नमधे येतो, खरेदीचं क्रेडिट वजा होतं हे खरं, पण जे उरतं ते कॅशनेच. औषधांवर १८ टक्के असल्यामुळे तिथे जास्त जाणवतं.

मग स्टेटमेंट बिनकामाचं का? तसं नाही. उधारीची वसुली कोणत्या महिन्यात किती येते हा अंदाज हवेतून नाही येत, तो जुन्या वहीतून आणि स्टेटमेंटमधल्या त्या ३,१०,००० च्या आकड्यातून येतो. मी जूनच्या उधारीतले फार तर दहा टक्के पोळ्यापर्यंत धरले, बाकीचे कापसानंतर, आणि काही बुडीतच. शिवाय कर्ज मागायला गेलात की बँक मागची ताळेबंदं पण बघते आणि पुढचे अंदाज पण मागते. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर कॅश फ्लो स्टेटमेंट काढायची कायद्याने सक्ती नसते, छोट्या कंपनीला आणि एकट्याच्या कंपनीला पण सूट आहे, त्यामुळे फक्त स्वतःला समजायला हवं असेल अन् वेळ कमी असेल तर मी आधी फोरकास्ट करा म्हणेन. हां, तुमचा धंदा रोजच्या रोखीचा असेल, चहा-नाश्त्याची गाडी किंवा पापडाचं काउंटर, तर आठवड्याचा फोरकास्ट डोक्याला ताप आहे, तिमाहीला एकदा पुरे.

मेव्हण्याने एप्रिलमधेच बँकेत फाईल दिली, चार लाखाच्या लिमिटची, कारण जूनमधे मागितली असती तर कागद फिरेपर्यंत पेरणी उरकली असती. आणि कंपनीच्या माणसाशी बोलून दुसऱ्या आठवड्याचा चेक दोन भागात घेतला, अर्धा चौथ्या आठवड्यात. आता दर शनिवारी दुकान बंद करताना गल्ला मोजतो, मोबाईलवर खात्याची शिल्लक बघतो आणि E मधल्या आकड्याशेजारी खरा आकडा टाकतो. पहिल्या शनिवारी ११,००० चा फरक आला. तीन दिवस शोधलं, शेवटी वहिनीने सांगितलं की हमालीचे पैसे गल्ल्यातून दिले होते, लिहायचं राहिलं.