एपॉक्सी की सिमेंट ग्राउट? माझ्या घरात दोन्ही आहेत, म्हणून सांगतो

आमचं घर घोडबंदर रोडला, ठाण्यात. बाथरूम दोन. टाइल्समधल्या सांध्यांत बेडरूममधल्या बाथरूमला एपॉक्सी ग्राउट, कॉमन बाथरूमला साधं सिमेंट ग्राउट, आणि किचनच्या ओट्यामागच्या टाइल्सना परत एपॉक्सी. हे काही ठरवून केलेलं नाही, तसं होत गेलं, पण त्यामुळे एकाच घरात, एकाच पाण्यावर दोन्ही बघायला मिळाले. दोघांत सिमेंट स्वस्त, एपॉक्सी कितीतरी पट महाग आणि वर मजुरीही जास्त, हे तुम्हाला दुकानात कळलंच असेल, ते सोडून देतो.

सगळे आधी डागांचं विचारतात. किचनमध्ये गॅसमागे फोडणी उडते, हळद आणि तेल एकत्र. सिमेंट ग्राउटला बारीक छिद्रं असतात, ते तेल आत ओढून घेतं आणि हळद त्याच्याबरोबर आत जाते, मग घासून काही होत नाही. आमच्याकडे आधी पांढरं सिमेंट ग्राउट होतं, वर्षभरात गॅसमागच्या चार ओळी पिवळ्या आणि बाकीच्या पांढऱ्या, जणू मुद्दाम डिझाइन केलंय. सीलर मारून फरक पडतो पण तो पुन्हा पुन्हा मारावा लागतो, आणि खरं सांगा, कोण मारतं. एपॉक्सीत तेल शिरत नाही, लगेच पुसलं तर काही राहत नाही. पण अगदी डागच पडत नाही असं दुकानदार सांगेल ते पूर्ण खरं नाही हां, पांढऱ्या एपॉक्सीवर रसा रात्रभर सुकू दिला तर हलकी पिवळी छटा येते. आम्ही दुसऱ्या वेळी फिकट राखाडी घेतलं, विषय संपला.

पण माझा निर्णय हळदीने नाही केला, ऍसिडने केला.

घोडबंदरला राहणाऱ्यांना टँकर काय ते सांगायला नको. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बरंच पाणी टँकरचं असतं, बोअरचं जड पाणी, त्याने टाइल्सवर पांढरा थर धरतो. तो साबणाने जात नाही. मग कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, ऍसिडची बाटली आणून द्या, एका मिनिटात चकाचक करते." दिली आणून. झालं पण खरंच चकाचक. दर पंधरा दिवसांनी व्हायला लागलं. बेडरूमच्या बाथरूमला तेव्हा सिमेंटच होतं, दोन वर्षांत तिथल्या जमिनीवरचे सांधे खोल गेले, नखाने खरवडलं तर वाळू हाताला यायची, आणि जाळीपाशी तर ग्राउट नव्हतंच, नुसती फट. कारण साधं आहे, पाण्याचा तो थर म्हणजे कॅल्शियमचा क्षार आणि सिमेंटही कॅल्शियमचंच, ऍसिडला यातलं काय खायचं आणि काय सोडायचं ते कळत नाही. टाइलला काही होत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. त्यात खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली. आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, गळतीचा दोष नुसता ग्राउटला देऊ नका, पाणी अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगचं असतं आणि ते खराब असेल तर वरून सोन्याचं ग्राउट भरलं तरी गळेल. आमचं तेही करावं लागलं, म्हणून जमीन आणि भिंती सगळंच काढलं, आणि नव्या टाइल्सना एपॉक्सी.

एपॉक्सीची खरी डोकेदुखी वेळ आहे. सिमेंट ग्राउट कालवलं की तासभर तरी आरामात भरता येतं, मिस्त्री मध्ये चहा पिऊन येतो तरी चालतं, पुसायला उशीर झाला तरी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने निघतं. एपॉक्सीचे तीन भाग असतात, रेझिन, हार्डनर आणि रंगीत फिलर, ते एकत्र केले की आपल्याकडच्या हवेत साधारण पाऊण तास हातात असतो, मे महिन्यात तेवढाही नाही. आमचा पहिला मिस्त्री किचनला आला होता, त्याने अख्खं किट एकदम एका डब्यात कालवलं. एपॉक्सी घट्ट होताना गरम होतं, आणि डब्यात जितका मोठा गोळा तितकं लवकर गरम, तितकं लवकर दगड. अर्धा माल डब्यातच गेला. वर टाइल्सवर चिकट धूसर थर राहिला, तो म्हणाला "साहेब, उद्या पुसतो," उद्या तो ब्लेडने पण निघेना. त्याचे ओरखडे अजून आहेत.

बाथरूमला दुसरी जोडी आणली, एक भरणारा आणि एक फक्त पुसणारा. वजनकाट्यावर मोजून पाव किट कालवायचे, लगेच डब्यातून काढून टाइलवर पसरायचे, रबरी फ्लोटने तिरकं दाबून भरायचं, मागोमाग दुसरा ओल्या नायलॉन स्क्रबरने गोल गोल आणि मग स्पंजने, पाणी दर थोड्या वेळाने बदलायचं. सकाळी सात वाजता सुरू केलं, ऊन चढायच्या आत भिंती झाल्या. संध्याकाळी मी मोबाइलचा टॉर्च टाइलला चिकटवून आडवा मारून बघितला, कुठे धूसर दिसलं ते तेव्हाच घासून घेतलं. हे त्याच दिवशी करा प्लीज.

माल किती लागतो ते पण सांगतो, नाहीतर दुकानदार दोन किटं गळ्यात मारतो. आमचं बाथरूम 5 बाय 7 फूट, टाइल्स 7 फूट उंचीपर्यंत, दार वजा जाता भिंती साधारण 150 चौरस फूट. भिंतीला 300 बाय 600 ची टाइल, जमिनीला 300 बाय 300, जाडी 9 मिमी, सांधा 3 मिमी. हिशोबाने भिंतींना सव्वातीन किलोच्या आसपास, जमिनीला एक किलो, थोडी नासाडी धरून 5 किलोच्या किटमध्ये झालं.

आता सिमेंट कुठे बरं. बाल्कनीत, जिथे ऊन येतं, तिथे फिकट एपॉक्सी पिवळं पडतं, तिथे पैसे घालू नका. खरखरीत टाइलवर एपॉक्सी पुसताना जीव जातो, ते खाचांत बसतं. आणि सांधा नसेल तर प्रश्नच नाही. आमच्या कॉमन बाथरूमला बिल्डरने टाइलला टाइल चिकटवून लावल्यात, स्पेसर नाही, फट एक मिमीपण नाही, त्यात जाड एपॉक्सी शिरतच नाही. वरवर थापून देणारे भेटतात, ते काही महिन्यांत पापुद्र्यासारखं निघतं. जुनं सिमेंट ग्राउट तसंच ठेवून त्यावर एपॉक्सी भरणाऱ्यांचंही तेच. आधी मशीनने सांधा निदान टाइलच्या अर्ध्याहून जास्त जाडीपर्यंत मोकळा करून, पूर्ण सुकवून मगच भरायचं, आणि मशीन चालवताना टाइलच्या कडा उडतात ते मनात धरून चाला.

मला विचाराल तर नवीन टाइल्स लागत असतील, पाणी टँकरचं असेल आणि पुसायला वेगळा माणूस मिळत असेल, तर ओल्या जागी एपॉक्सी. तुमच्याकडे पालिकेचं मऊ पाणी बारा महिने येत असेल तर कदाचित सिमेंटमध्येही छान भागेल, नवी मुंबईतल्या माझ्या मेहुण्याचं भागतंय.

आमच्या कॉमन बाथरूममध्ये अजून सिमेंटच आहे. तिथे थर आला की मी स्वतः व्हिनेगरसुद्धा न लावता प्लास्टिकच्या पट्टीने खरवडत बसतो, आणि ऍसिडची उरलेली बाटली मावशींना दिसू नये म्हणून माळ्यावर सुटकेसच्या मागे ठेवलीय.