परदेशात दोन सिमचा फोन: आठ महिने, चार प्रवास आणि एका बिलाचा धडा

गेल्या आठ महिन्यांत कामानिमित्त चार वेळा परदेशी जाणं झालं. फोन तोच, घरचं सिमही तेच. बदलत गेली ती फक्त फोनची मांडणी, आणि प्रत्येक बदल कुठेतरी ठेच लागल्यावर केलेला. आता ती बऱ्यापैकी बसली आहे. घरचं सिम फक्त कॉल आणि एसएमएससाठी चालू, त्याचा डेटा पूर्ण बंद. इंटरनेट सगळं तिथल्या सिमवर. घरी बोलायचं असेल तर वायफाय कॉलिंग. तीन ओळींत मावणारी ही गोष्ट नीट जमायला मला चार प्रवास लागले.

पहिल्या प्रवासात मी डेटा रोमिंग बंद केलं आणि निश्चिंत झाले. त्याने डेटाचा खर्च खरोखरच वाचला. पण त्या बटणाचा कॉलशी काही संबंध नसतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. दिवसभर मीटिंगा, फोन बॅगेत सायलेंटवर. घरून, ऑफिसातून कॉल येत होते, मी एकही उचलला नाही. एकही नाही! तरी महिन्याच्या शेवटी बिल आलं तेव्हा त्यात न उचललेले कॉल होते, आणि तेही जोडीने. एकाच वेळेला दोन नोंदी: एक रोमिंगमधल्या इनकमिंगची, दुसरी परदेशातून माझ्याच देशातल्या एका नंबरवर गेलेल्या आउटगोइंगची. तो नंबर मी कधी लावलेलाच नव्हता. कस्टमर केअरला विचारलं तेव्हा कळलं की तो माझ्याच व्हॉइसमेलचा.

झालं असं होतं. कोणी आपल्याला कॉल केला की तो आधी आपल्या घरच्या नेटवर्ककडे जातो. फोन परदेशी नेटवर्कवर नोंदलेला असेल तर घरचं नेटवर्क तो कॉल तिकडे पाठवतं, हा पहिला आंतरराष्ट्रीय प्रवास. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. ‘उत्तर नाही तर व्हॉइसमेलकडे वळवा’ ही सूचना आपल्या सिमवर लागलेलीच असते, म्हणून तिकडचं नेटवर्क तो कॉल पुन्हा आपल्या देशात पाठवतं. हा दुसरा प्रवास. कॉल करणाऱ्याने मधे फोन ठेवला नाही आणि व्हॉइसमेलचं यंत्र बोलायला लागलं, की दोन्ही फेऱ्यांचं मीटर चालू. गंमत म्हणजे फोन बंद ठेवला असता तर सहसा हा खर्च होत नाही, कारण फोन कुठेच नोंदलेला नाही हे घरच्या नेटवर्कला ठाऊक असतं आणि ते कॉल तिथल्या तिथे वळवतं. म्हणजे सायलेंटवर ठेवलेला फोन बंद फोनपेक्षा महाग.

उपाय सोपा आहे, पण तो निघण्याआधी करायचा, कारण परदेशी नेटवर्कवर हे कोड प्रत्येक वेळी चालतातच असं नाही. फोनच्या डायलरवर आधी हे लावून पाहिलं:

```
*#61#   उत्तर नाही तर कॉल कुठे जातो
*#67#   लाइन व्यस्त असेल तर
*#62#   फोन पोचत नसेल तर
##004#  ही तिन्ही वळणं रद्द
```

पहिल्या कोडने जो नंबर दाखवला तो कागदावर लिहून ठेवला, कारण परत आल्यावर व्हॉइसमेल हवा असेल तर तोच `**61*नंबर#` असा लावावा लागतो. मग शेवटच्या कोडने सगळी वळणं काढून टाकली. काही कंपन्या हे कोड स्वीकारत नाहीत, तिथे कस्टमर केअरकडूनच व्हॉइसमेल बंद करून घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रवासापासून बिलात त्या जोडनोंदी दिसल्या नाहीत.

आता वायफाय कॉलिंग. मला ते खूप आवडलं आणि त्यानेच मला एकदा फसवलंही. यात फोन वायफायवरून थेट आपल्या घरच्या कंपनीच्या सर्व्हरशी एक सुरक्षित बोगदा बांधतो आणि कॉल त्यातून जातो. कंपनीच्या हिशेबात तुम्ही जणू घरीच बसला आहात. त्यामुळे बऱ्याच कंपन्यांकडे परदेशातून घरी केलेला असा कॉल देशांतर्गत दराने लागतो. सगळ्यांकडे नाही, काही कंपन्या परदेशातून ही सोय देतच नाहीत. म्हणून हा एक प्रश्न निघण्याआधी लेखी विचारून घ्यावा.

फसवणूक अशी झाली. हॉटेलच्या खोलीतून मी त्याच शहरातल्या एका ऑफिसला कॉल केला, चार गल्ल्या पलीकडे. वायफाय कॉलिंग चालू होतं, म्हटलं फुकटात पडेल. पण कंपनीच्या लेखी मी घरी बसलेली, म्हणजे घरून परदेशात केलेला कॉल, म्हणून आयएसडी दर! वायफाय कॉलिंग घरी बोलायला उत्तम, पण ज्या देशात आहोत तिथले नंबर लावायचे तर तिथलंच सिम वापरावं.

दुसरा घोटाळा जरा लबाड आहे. वायफायचं चिन्ह दिसतंय म्हणजे कॉल वायफायवरूनच जाणार, असं नाही. बऱ्याच फोनमध्ये मोबाइल नेटवर्कला प्राधान्य द्यायचं की वायफायला, अशी निवड असते. मोबाइलला प्राधान्य असेल आणि रोमिंगचं नेटवर्क चांगलं येत असेल तर कॉल निमूटपणे रोमिंगवरून जातो. बोलता बोलता हॉटेलच्या बाहेर पडलात तर काही फोन चालू कॉल वायफायवरून रोमिंग नेटवर्कवर सरकवतात, आणि कानाला काहीच कळत नाही. म्हणून मी आता खोलीत शिरल्यावर एअरप्लेन मोड लावते आणि मग फक्त वायफाय चालू करते. मोबाइलचा रस्ताच बंद. स्टेटस बारमध्ये कंपनीच्या नावाशेजारी वायफाय कॉलिंगची खूण आली की समजायचं बोगदा बांधला गेला. नाही आली तर कॉल लागणारच नाही, पण पैसेही जाणार नाहीत.

ती खूण न येण्याचं एक कारण मला तिसऱ्या प्रवासात सापडलं. हॉटेलच्या वायफायवर व्हिडिओ झकास चालत होते, वायफाय कॉलिंग मात्र ढिम्म. हा बोगदा यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून, म्हणजे नेटवरच्या ठरावीक दारांतून बांधला जातो आणि काही हॉटेलं, ऑफिसं ती पोर्टं अडवून ठेवतात. तिथल्या सिमचा डेटा दुसऱ्या फोनवरून हॉटस्पॉट करून दिला आणि खूण लगेच उमटली. म्हणजे दोष फोनचा नव्हता. कधी उलटही होतं: नेट कुठलंही असो, घरची कंपनी परदेशातून आलेली जोडणीच नाकारते. दोन वेगळ्या नेटवर प्रयत्न केला की कोण अडवतंय ते कळतं.

माझ्या फोनमध्ये Backup calling नावाची आणखी एक सोय निघाली. ती घरच्या सिमसाठी चालू केली की घरचं सिम रोमिंगमध्ये असताना त्याचे कॉल तिथल्या सिमच्या डेटावरून जाऊ शकतात. वायफाय कॉलिंगच ते, फक्त वायफायशिवाय. रस्त्यावरून घरच्यांशी मी असंच बोलले आणि आवाज स्वच्छ होता. पण मेट्रोत डेटा तुटला की कॉलही तुटतो. त्यामुळे महत्त्वाच्या कामाला मी यावर विसंबत नाही.

ओटीपीचा अनुभव संमिश्र. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला माझ्याकडे कधी पैसे लागले नाहीत आणि ते येतातही वेळेवर. मात्र एकदा एअरप्लेन मोडमध्ये, फक्त वायफाय कॉलिंगवर असताना बँकेचा ओटीपी दहा मिनिटं आला नाही. एअरप्लेन मोड काढला, घरच्या सिमने तिथलं नेटवर्क पकडलं आणि तीन ओटीपी एकदम येऊन पडले. अर्थातच तिन्ही शिळे. तेव्हापासून पैसे भरायचे असले की आधी मोबाइल नेटवर्क चालू करते.

तिथल्या सिमबद्दल थोडक्यात. फोन एकाच कंपनीला बांधलेला नाही ना, हे घरीच पाहून घ्या. आयफोनमध्ये About मध्ये Carrier Lock समोर No SIM restrictions असं दिसायला हवं. बऱ्याच देशांत दुकानात पासपोर्ट दाखवावा लागतो. सिम घातल्यावर दुकानातून निघायच्या आधी दुकानाचं वायफाय तोडून एखादं पान उघडून बघा, आणि एक कॉल लावून बघा. नंतर परत जाऊन भांडण्यापेक्षा ते बरं. व्हॉट्सॲप नवीन नंबर पाहून नंबर बदलायचा का असं विचारतं, तिथे नाही म्हणायचं. जुना नंबर आणि सगळे ग्रुप जिथल्या तिथे राहतात.

चौथ्या वेळी मी सिमऐवजी प्रवासाची ई-सिम घेतली आणि विमानतळावर पाऊण तास घालवला. प्रोफाइल घातलेलं, नेटवर्कच्या काड्या पूर्ण, इंटरनेट नाही. तीन प्रवास मी ‘डेटा रोमिंग बंद’ हाच जप केला होता, म्हणून या ई-सिमवरही ते बंद ठेवलं होतं. पण अशा बऱ्याच ई-सिम मुळात तिसऱ्याच देशातल्या कंपनीच्या असतात आणि जिथे जाऊ तिथे रोमिंगच करतात. त्या सिमवर डेटा रोमिंग चालू हवं, घरच्या सिमवर बंद. ही दोन बटणं दोन सिमच्या वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून ई-सिमला मी आता ‘डेटा’ आणि घरच्या सिमला ‘घर’ अशी नावं दिली आहेत. डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारी सोयही बंद केली आहे, नाहीतर ई-सिमचं नेटवर्क अशक्त झालं की फोन घरच्या सिमकडे वळू पाहतो.

ई-सिमची अजून एक खोड: क्यूआर कोड बहुतेकदा एकदाच चालतो. त्रासून प्रोफाइल डिलीट केलं असतं तर तो गेलाच होता. आणि प्रोफाइल घालायला इंटरनेट लागतं, म्हणून पुढच्या वेळी घरूनच घालून ठेवणार आहे. आधी अटी वाचून मात्र, कारण काही ई-सिमची मुदत घातल्या क्षणी सुरू होते, काहींची तिथलं नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यावर.