गिगाबिटची जोडणी शंभरवर का थांबते : पॅच कॉर्ड बदलावी, आयओ पुन्हा पंच करावा की नवी केबल ओढावी?

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका करसल्लागारांच्या कार्यालयात चार संगणक आहेत. त्यांपैकी खिडकीजवळच्या संगणकावरून सर्व्हरवर बॅकअप घेताना वेग सेकंदाला अकरा मेगाबाइटच्या वर जात नव्हता, तर बाकीच्या तिन्हींवर तो शंभराच्या पुढे होता. चार गिगाबाइटच्या फाइलला तिथे सहा मिनिटे लागत आणि शेजारच्या टेबलावर पाऊण मिनिटही लागत नसे. केबलिंग करणाऱ्याने भिंतीतील केबल जुनी झाल्याचे सांगून नवी ओढण्याचा खर्च कळवला होता. कार्यालयातील मंडळींचा प्रश्न साधा होता : टोकाची सुटी पॅच कॉर्ड बदलून भागेल का, भिंतीवरचा आयओ म्हणजे केबलचे सॉकेट पुन्हा पंच करून, म्हणजे तारा त्याच्या खाचांत पुन्हा दाबून बसवून, भागेल का, की भिंतीतील केबलच बदलावी लागेल? या तिन्ही उपायांच्या खर्चात आणि त्रासात मोठा फरक असल्यामुळे आधी दोषाची जागा ठरवणे भाग होते.

लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. सेकंदाला अकरा मेगाबाइटवर अडलेला वेग म्हणजे शंभर मेगाबिटची जोडणी, आणि ती त्यांपैकी दोनच जोड्या वापरते. प्लगमधील १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या या जोड्या नेहमीच्या बी पद्धतीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरव्या असतात. गिगाबिटला मात्र निळी (४-५) आणि तपकिरी (७-८) धरून चारही जोड्या लागतात. आपण कोणत्या वेगाने बोलू शकतो हे दोन्ही टोकांची उपकरणे एकमेकांना आधी सांगतात आणि ही बोलणी फक्त नारिंगी व हिरव्या जोडीवरच होतात. त्यामुळे निळी जोडी तुटलेली असली तरी गिगाबिटवर एकमत होते, प्रत्यक्ष जोडणी मात्र जुळत नाही आणि काही प्रयत्न फसल्यावर पुष्कळशी उपकरणे आपणहून शंभरवर उतरतात. ही सोय नसलेल्या उपकरणांत जोडणी सारखी लागते-तुटते किंवा लागतच नाही. म्हणजे शंभरवर स्थिरावलेली जोडणी पाहिली की माझा पहिला संशय निळ्या किंवा तपकिरी जोडीवर जातो.

केबलला दोष देण्यापूर्वी पलीकडचे उपकरण गिगाबिटचे आहे याची खात्री करावी. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर पुढील आज्ञा पुरते. शेवटचे नाव आपल्या लॅन कार्डाचे घालावे.

```
ethtool enp3s0
```

तिच्या उत्तरात `Link partner advertised link modes` या ओळींमध्ये `1000baseT/Full` दिसत असूनही `Speed: 100Mb/s` असेल, तर पलीकडचा स्विच गिगाबिट द्यायला तयार आहे आणि अडचण बहुधा वाटेत आहे. ते तिथे नसेल, तर बहुधा स्विच किंवा राउटरचे ते पोर्टच शंभरचे आहे किंवा सेटिंगने शंभरवर बांधलेले आहे, आणि तसे असेल, तर वरील तिन्ही उपाय व्यर्थ आहेत. या कार्यालयात ते दिसत होते.

तिन्हींत पॅच कॉर्ड बदलणे सर्वांत स्वस्त आहे आणि त्याला पाच मिनिटे लागतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. मात्र नवी कॉर्ड म्हणजे चांगली कॉर्ड असे धरून चालू नये. प्रथम लॅपटॉप रॅकपाशी नेऊन संशयित कॉर्डने थेट स्विचला जोडावा. तिथे हजार मिळाले, तर ती कॉर्ड निर्दोष आहे. टेबलाकडची दोन मीटरची आणि रॅकमधील एक मीटरची अशा दोन्ही कॉर्ड आम्ही याच रीतीने तपासल्या आणि दोन्ही हजारवर चालल्या. खुर्चीच्या चाकाखाली सापडणारी किंवा प्लगची खिटी तुटलेली कॉर्ड असती, तर बहुधा इथेच काम संपले असते.

उरली भिंतीतील केबल आणि तिची दोन टोके. इथे दोन साधनांची तुलना उपयोगी पडेल. आठ दिव्यांचा साधा टेस्टर स्वस्त असतो आणि प्रत्येक तार सलग आहे की नाही एवढेच सांगतो. तारा क्रमाने जोडलेल्या, पण जोड्यांची सरमिसळ झालेली असेल, तर आठही दिवे लागतात आणि गिगाबिट तरीही मिळत नाही. शिवाय तार जेमतेम टेकलेली असली तरी दिवा लागतो. दुसरे साधन म्हणजे कित्येक मॅनेज्ड स्विचमधील केबल चाचणी, जी प्रत्येक जोडीत संकेत सोडून तो किती अंतरावरून परततो ते मोजते. चाचणीपुरती जोडणी बंद पडते आणि मापात मीटरभर चूक असू शकते, तरीही निर्णय घेण्यासाठी मी याच साधनाला झुकते माप देतो, कारण ते दोषाची जागा सांगते.

टेबलाकडची कॉर्ड संगणकातून काढून, पण आयओत तशीच ठेवून आम्ही स्विचवरून चाचणी घेतली. नारिंगी, हिरवी आणि तपकिरी या जोड्या सुमारे ३१ मीटरवर उघड्या दिसल्या आणि निळी २९ मीटरवर. दुसरे टोक मोकळे असल्यामुळे पहिल्या तीन जोड्या उघड्या दिसणे योग्यच होते. महत्त्वाचा होता तो दोन मीटरचा फरक. टेबलाकडची कॉर्ड नेमकी दोन मीटरची आणि आधीच निर्दोष ठरलेली होती, म्हणजे निळी जोडी आयओपाशीच संपत होती.

आयओचे झाकण उघडल्यावर सगळे ठीक दिसत होते आणि टेस्टरचे आठही दिवे लागत होते. पण पांढऱ्या-निळ्या तारेवर, बाहेरचे आवरण सोलताना पात्याने पडलेली बारीक खाच होती. झाकण स्क्रूने आवळले की मागची केबल दुमडायची आणि खाचेपाशी तांबे एकमेकांपासून सुटायचे. आम्ही केबलचे टोक चार बोटे कापले, जोड्यांचा पीळ पंचच्या खाचेपासून तेरा मिलिमीटरच्या आत ठेवला आणि पंचिंग टूलने तारा पुन्हा बसवल्या. झाकण लावल्यानंतर पाहिले, तर हजार.

पुन्हा पंच करण्याचा हा उपाय कॉर्डपेक्षा थोडा महाग आहे आणि सवयीचा हात मागतो. त्यासाठी भिंतीतून किमान वीतभर केबल बाहेर येत असली पाहिजे. केबल ताठ बसली असेल, तर टोक कापायला जागाच उरत नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलवर मी हा उपाय सुचवत नाही, कारण ती तार ठिसूळ असते आणि आज नीट बसली तरी पुढच्या हलवाहलवीत तुटू शकते. पात्याने तार खरवडल्यावर आतून पांढुरकी निघाली, तर ती केबल ॲल्युमिनियमची समजावी. मात्र तांब्यावर कधी कथिलाचा मुलामाही असतो, म्हणून तारेचे कापलेले टोकही पाहावे.

याखेरीज नवी केबल ओढण्याचा निर्णय मी दोनच प्रसंगी योग्य मानतो. पहिला म्हणजे चाचणीत दोष दोन्ही टोकांपासून दूर, भिंतीच्या मध्येच दिसणे. मधल्या जागी सांधा देऊन वेळ मारून नेता येते, पण कंड्युटमध्ये लपलेला तो सांधा पुढच्या माणसाला सापडत नाही. दुसरा प्रसंग बंगल्यांत वारंवार भेटतो : एकाच केबलच्या नारिंगी-हिरव्या जोड्यांवर संगणक आणि निळ्या-तपकिरी जोड्यांवर कॅमेऱ्याचा वीजपुरवठा किंवा दुसरी जोडणी दिलेली असते. इथे काहीच तुटलेले नसते, तरी संगणकाला चार जोड्या मिळत नाहीत, आणि कॉर्ड बदलून किंवा पंच करून तो वेग वाढणार नाही. तिथे दुसरी केबल लागतेच. ती कॅट ५ई दर्जाची, शुद्ध तांब्याची असली आणि कॉर्ड धरून शंभर मीटरच्या आत असली, तर गिगाबिटला पुरते. केवळ या कारणासाठी कॅट ६चा जादा खर्च करण्याची गरज नाही.