छोट्या डायनिंगमधला साइडबोर्ड: दिवाळीपासून गणपतीपर्यंत वापरल्यावर

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंगची जागा आठ फूट बाय नऊ फूट आहे. तिथे चार फूट बाय अडीच फुटांचं टेबल आहे आणि दिवाळीच्या आधी भिंतीला लागून पाच फूट लांबीचा साइडबोर्ड करून घेतला. आता गणपती येऊन गेले, म्हणजे बरेच सण आणि जवळजवळ अख्खा पावसाळा त्याने पाहिला. अशा जागेत लांबी किंवा डिझाइनपेक्षा साइडबोर्ड भिंतीपासून किती खोल आहे यावर सगळं ठरतं, असं माझं पक्कं मत झालंय.

सुतारदादा म्हणाले होते, "ताई, अठरा इंच खोल करा, सगळे तेवढंच करतात." मी आधी टेपने हिशेब मांडला. जागेची रुंदी ९६ इंच. पलीकडच्या भिंतीकडे खुर्ची मागे ओढायला २४ इंच सोडले, टेबलाचे ३० गेले, उरले ४२. भिंतीपासून एक इंच सोडून अठरा इंचांचा साइडबोर्ड ठेवला तर मध्ये २३ राहतात, सोळाचा ठेवला तर २५. खुर्चीवर माणूस बसला की टेबलाच्या कडेपासून १८-२० इंच तोच व्यापतो. म्हणून त्या बाजूला कुणी बसलेलं असताना उघडणाऱ्या दाराचं कपाट उपयोगाचंच नाही. पंधरा इंचांचं दार खुर्चीच्या पाठीवर आपटणार. त्यामुळे सरकती शटर घेतली.

सरकत्या शटरांचीही एक किंमत असते. दोन शटर एकामागे एक येतात, त्यांच्या पट्ट्यांसकट साधारण दोन इंच आत जातात. मागच्या प्लायचा अर्धा इंच धरला तर सोळामधून आत साडेतेरा इंच हातात येतात. आमच्या स्टीलच्या ताटांचा व्यास बारा इंच आहे, ती आरामात आडवी बसतात. तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं ताट आधी मोजा. तेरा इंचांचं असेल तर सोळाचा साइडबोर्ड अगदीच काठावर येतो. आणि मापं ठरली की जमिनीवर चिकटपट्टीने तेवढा आयत आखून खुर्च्यांवर खरोखर माणसं बसवा. कागदावर जे कळत नाही ते तिथे लगेच कळतं.

आत मधोमध एक उभी फळी घातली आहे. त्यामुळे एक शटर सरकवलं की एक खण पूर्ण उघडतो. डावीकडे रोजची भांडी, उजवीकडे पाहुण्यांची. या फळीमुळे आडवे कप्पे अडीच फुटांपेक्षा लांब झाले नाहीत. आमच्या चुलत जावेकडे पार्टिकल बोर्डाचा सलग चार फुटांचा कप्पा स्टीलच्या ताटांच्या ओझ्याने मध्ये बाक घेऊन बसलाय. आमचा १८ मिलिमीटर प्लायचा कप्पा सरळ आहे.

खरी परीक्षा रविवारच्या मिसळीला होते. उंची ३४ इंच ठेवली, उभ्याने वाढायला वाकावं लागत नाही, सासूबाईंनाही. डावीकडून ताटल्या, मटकीची उसळ, फरसाण, मग रश्श्याचं पातेलं, कांदा-लिंबू, शेवटी पाव, पापड, दही. पाच फुटांत हे सगळं नीट मावतं. अशा वेळी त्या बाजूच्या खुर्च्या टेबलाखाली सारून ठेवते आणि मंडळी पलीकडे बसतात. त्या बाजूला कुणी बसलं, तर मागून जायला जागा उरत नाही. सोळा इंच घेऊनही हे शक्य नाही, हे मान्य करूनच चला. चमच्यांचा वरचा ड्रॉवरही तेव्हा पूर्ण ओढता येत नाही, म्हणून चमचे आधीच बाहेर काढून ठेवते.

टॉपला काळा ग्रॅनाइट आहे आणि त्याचं मला मनापासून समाधान आहे. गॅसवरून उतरवलेलं पातेलं सनमायकावर थेट ठेवलं तर चट्टा पडतो, कधी तो फुगून सुटतो. ग्रॅनाइटवर सांडलेली तर्री पुसली की निघते. भिंतीकडे मात्र लक्ष द्या. रस्सा वाढताना उडालेले लाल तेलाचे थेंब साध्या रंगावर बसतात. आम्ही मागे सहा इंचांची ग्रॅनाइटची पट्टी नंतर लावून घेतली, ती पहिल्यापासून असावी.

सरकत्या शटरांना एक त्रास आहेच. खालच्या पट्टीत फरसाणाचा चुरा साठतो. शटर ओढताना कचकच आवाज आला की समजायचं. जुन्या टूथब्रशने चुरा काढते, तेल घालत नाही, कारण तेलाला चुरा आणखी चिकटतो.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी केल्या होत्या. मागे भिंतीपासून एक इंच अंतर, आणि खाली चार इंचांचे स्टीलचे पाय. बाहेरच्या भिंतीला ओल येते ती लाकडापर्यंत पोचली नाही, आणि लादी पुसताना फडका खालून फिरतो. तयार फर्निचर घेणार असाल तर पार्टिकल बोर्ड जमिनीला टेकलेला घेऊ नका. पुसायच्या पाण्याने त्याची खालची कड आधी जाड होते, मग कडेची पट्टी सुटते. दुकानातल्या नमुन्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून बघा. नमुनाच फुगलेला असेल तर तुमच्या घरात तो एक पावसाळा काढणार नाही.